पंचवीस लाखांचा कागद नीट वाच

चि. सोनूस,


नव्या कंपनीला होकार कळवल्यावर आता जुनी कंपनी तिथल्या चोवीसऐवजी पंचवीस लाख देते म्हणते आणि तू अडकला आहेस. माझं मत आधीच सांगतो: राजीनामा मागे घेऊ नकोस. कारण त्या कागदातच आहे. नव्या ठिकाणी २२ लाख ठरलेला पगार आणि २ लाख व्हेरिएबल. जुन्या कंपनीच्या पंचवीसमध्ये ठरलेला पगार साडेअठरा लाखच, साडेतीन लाख व्हेरिएबल आणि ३ लाख रिटेन्शन बोनस, तोही वर्षभर टिकलास तर. म्हणजे एकूण आकडा एक लाखाने मोठा, पण दरमहा मिळणारी खात्रीची रक्कम सुमारे एकोणतीस हजारांनी कमी. पुढच्या वर्षी बोनस संपला की तोच आकडा बावीसवर येतो. पगारवाढही बहुधा ठरलेल्या पगारावर मोजतात, तेव्हा हा फरक दरवर्षी वाढतच जाणार.

आता मांडणी अशी का, ते पाहा. तुझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा. तेवढ्यात बदली माणूस शोधायचा, त्याला काम समजावायचं आणि क्लायंटला धक्का लागू द्यायचा नाही, ही मॅनेजरची खरी अडचण आहे. एक वर्षाची अट घातलेला बोनस नेमका तेवढा काळ विकत घेतो. यात दुष्टपणा नाही, पण याला तुझी किंमत ओळखणं म्हणता येत नाही. ती ओळखली असती तर वाढ ठरलेल्या पगारात दिसली असती, आणि राजीनाम्याच्या आधी.

तू म्हणशील, ओळखीची जागा सोडून अनोळखी ठिकाणी जाण्यात धोका आहेच. आहे, आणि मी तो हलका मानत नाही. तुझं काम आवडतं असतं आणि तक्रार फक्त पैशांची असती, शिवाय बावीसच्या वर ठरलेला पगार आणि एप्रिलची वाढ वेगळी, असं सहीचं पत्र हातात आलं असतं, तर मी थांब म्हटलं असतं. पण तू निघालास ते तीन वर्षं त्याच सपोर्ट प्रोजेक्टवर ठेवलं म्हणून. प्रोजेक्ट बदलण्याबद्दल त्या पत्रात एक ओळ नाही. ‘पुढे बघू’ हे तोंडी आश्वासन मॅनेजर बदलला की कोणालाच बांधत नाही. शिवाय नव्या कंपनीने तुझ्या होकारावर बाकीचे उमेदवार परत पाठवले असणार, त्या शब्दाचंही काही वजन आहे.

म्हणून उद्याच ईमेलने कळव: प्रस्तावाबद्दल आभार, निर्णय कायम, शेवटचा दिवस पूर्वी ठरलेलाच. पगाराची तुलना लिहू नकोस, नाहीतर दुसरा आकडा येईल. कामाच्या हस्तांतराची यादी सोबत जोड आणि रिलीव्हिंग लेटर कधी मिळेल, ते त्याच ईमेलमध्ये विचार.

तुझा,
मामा