टेपने मोजलेली नजर

वाचण्याच्या चष्म्याला मराठीत 'चाळिशी' हे नाव आहे. चाळीस वर्षे उलटली की डोळ्यांवर चष्मा यायचा, हे इतके ठरलेले होते की वयाचा आकडाच वस्तूचे नाव होऊन बसला. या नावामुळे एक समज मात्र नकळत रुजला. चष्म्याचा नंबर वयावरून ठरतो, आणि तो एकदा ठरला की जवळच्या सर्व कामांना पुरतो, असे आपण धरून चालतो. पोथी वाचणाऱ्याला हा समज सहसा नडत नाही. जो शिवणयंत्रासमोर आठ-दहा तास बसतो, किंवा स्वरलिपीचा कागद समोर ठेवून वाद्य वाजवतो, त्याला तो चांगलाच नडतो. त्याचे काम हातातल्या पुस्तकाइतके जवळ नसते आणि रस्त्यावरच्या पाटीइतके दूरही नसते. ते मधल्या अंतरावर असते.

डोळ्यातले नैसर्गिक भिंग तरुणपणी लवचिक असते. नजर दूरवरून जवळ आली की ते क्षणात फुगते आणि जवळची वस्तू स्पष्ट दिसते. वयानुसार ते कडक होत जाते आणि साठीच्या आसपास ही फुगण्याची शक्ती जेमतेम एका नंबराएवढी उरते. उरलेली शक्ती चष्म्याने पुरवावी लागते. किती पुरवायची, याचा हिशेब साधा आहे. शंभराला कामाच्या सेंटिमीटरमधील अंतराने भागले की त्या अंतरासाठी लागणारी शक्ती मिळते. चाळीस सेंटिमीटरवरच्या पुस्तकाला अडीच नंबराची शक्ती लागते, पन्नास सेंटिमीटरला दोनची, तर सत्तर सेंटिमीटरवरच्या कागदाला दीडहूनही थोडी कमी. म्हणजे पुस्तक आणि शिवणयंत्र यांत केवळ दहा-बारा सेंटिमीटरचा फरक असला, तरी नंबरात तो अर्ध्याहून अधिक पडतो.

हे आकडे प्रत्यक्षात कसे छळतात, ते सांगलीतील एका शिंपीकाकांच्या अनुभवातून नीट उमगते. वय अठ्ठावन्न, दूरचे उत्तम दिसणारे, वाचायला दुकानातून घेतलेला अडीच नंबराचा तयार चष्मा. त्या चष्म्याने वर्तमानपत्र स्वच्छ दिसे. यंत्रावर बसले की मात्र सुईभोवतीचे टाके धूसर होत. काका नकळत पुढे वाकत, टाके स्पष्ट होत आणि काम पुढे सरके. दुपारपर्यंत मान आखडे, संध्याकाळी कपाळ ठणके. लग्नसराईत काळ्या शेरवान्यांची कामे येत. काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसेना, म्हणून दोन वेळा शिवण उसवावी लागली. त्यानंतर काकांनी गडद कापड घेणेच थांबवले. नेहमीची गिऱ्हाइके दुसरीकडे वळू लागली. "आता डोळेच गेले, दुकान मुलाच्या हवाली करावे," असे ते घरी बोलू लागले.

सुनेच्या आग्रहाने ते डोळे तपासायला गेले. तेथील तपासनीस ताईंनी अक्षरांचा तक्ता दाखवण्याआधीच विचारले, "काका, काम करताना सुई डोळ्यांपासून किती लांब असते?" काका म्हणाले, "असेल हातभर." ताई हसून म्हणाल्या, "टेप तर तुमच्याच गळ्यात आहे. उद्या यंत्रावर ताठ बसा आणि मुलाला मोजायला सांगा. तुम्ही स्वतः मोजू नका, मोजताना माणूस वाकतो."

दुसऱ्या दिवशी माप आले. डोळ्याच्या कोपऱ्यापासून सुईपर्यंत बावन्न सेंटिमीटर, आणि यंत्राच्या डाव्या बाजूला पसरलेल्या कापडापर्यंत पासष्ट. काकांचे दुखणे या दोन आकड्यांत सापडले. अडीच नंबराच्या चष्म्यातून त्यांना चाळीस सेंटिमीटरपलीकडचे नीट दिसणे शक्यच नव्हते. डोळ्याची स्वतःची उरलेली शक्ती वापरली, तर त्याहून जवळचे, साधारण एकोणतीस सेंटिमीटरपर्यंतचे दिसे. पलीकडचे दिसण्यासाठी मात्र ती शक्ती उपयोगाची नसते. म्हणून बावन्नवरची सुई चाळीसवर आणण्याचे काम मानेला करावे लागत होते.

ताईंनी नवा हिशेब असा मांडला. बावन्न सेंटिमीटरसाठी जवळजवळ दोनची शक्ती हवी. डोळ्याकडे साधारण एक शिल्लक आहे, पण ती सगळी दिवसभर खर्च करता येत नाही. निम्मी राखीव ठेवली तरच तासन्तास काम सुखाने होते. म्हणून डोळ्याने अर्धी द्यायची आणि चष्म्याने दीड. दीड नंबराच्या भिंगातून सदुसष्ट सेंटिमीटरपासून चाळीस सेंटिमीटरपर्यंतचा पट्टा स्पष्ट दिसतो. सुई या पट्ट्याच्या मध्यावर आली आणि पसरलेले कापडही त्यातच मावले. ताईंनी तपासणीच्या चौकटीत दीडची भिंगे घातली, बावन्न सेंटिमीटरवर काळ्या कापडाचा शिवलेला तुकडा धरला आणि तो सावकाश पुढे-मागे केला. टाके दोन्ही दिशांना काही अंतरापर्यंत स्पष्ट राहिले, तेव्हा नंबर पक्का झाला. पूर्वीपेक्षा कमी नंबराचा चष्मा अधिक चांगला कसा, हे कोडे काकांना त्या तुकड्याने उलगडून दाखवले.

या चष्म्याच्या मर्यादाही ताईंनी त्याच वेळी सांगितल्या. सुईत दोरा ओवणे किंवा हाताने काज करणे हे काम तीस सेंटिमीटरवर येते, तिथे जुनाच चष्मा लावावा. दीडचा चष्मा घालून जिना उतरू नये, दुचाकी चालवू नये, कारण दूरचे सारे पुसट दिसते. दिवा डाव्या बाजूने, थेट सुईवर पडेल असा ठेवावा. भरपूर उजेडात बाहुली लहान होते आणि त्यामुळे स्पष्ट दिसणारा पट्टा थोडा आणखी लांबतो. काळ्या कापडाच्या बाबतीत चष्म्याइतकेच काम हा दिवा करतो. काकांनी त्या हंगामात काळ्या शेरवान्या पुन्हा घेतल्या, तेव्हा यंत्रावर नवा चष्मा होता आणि नवा दिवाही.

येथे एक शंका साहजिक आहे. दूरचे, मधले आणि जवळचे असे सर्व एकाच काचेत देणारे प्रोग्रेसिव्ह चष्मे मिळत असताना वेगळा चष्मा कशाला? त्या काचेत वरून खाली नंबर हळूहळू वाढत जातो. मधल्या अंतराचा भाग काचेच्या मधोमध एका अरुंद पट्टीत येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्रतिमा विस्कटते. दुकानात फिरताना, बोलताना, दरपत्रक वाचताना तो चष्मा उत्तम. पण रुंद कापडावर नजर डावीउजवीकडे फिरवायची असेल, तर दर वेळी डोळ्यांऐवजी संपूर्ण डोके फिरवावे लागते, आणि समोरचे पाहायला हनुवटी उचलावी लागते. दहा मिनिटांत हे जाणवत नाही, दहा तासांत जाणवते.

व्हायोलिनवादकाची अडचण याहून अवघड असते. वाद्य हनुवटीखाली धरले की डोके डावीकडे वळलेले राहते आणि स्वरलिपीचा कागद काचेच्या मध्यातून नव्हे, तर कडेच्या भागातून पाहावा लागतो. वाद्यवृंदात दोघे वादक एकच स्टँड वापरतात, त्यामुळे तिरकेपणा आणखी वाढतो. प्रोग्रेसिव्ह काचेचा विस्कटलेला भाग नेमका तिथेच येतो. अशा वादकाला कडेपर्यंत एकच नंबर असलेली काच मानवते. स्टँड सत्तर सेंटिमीटरवर, वय साठीपुढचे आणि दूरचा नंबर शून्य असेल, तर सुमारे एक नंबर पुरतो. त्यातून एक मीटरपासून अर्ध्या मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते. संचालकाचा चेहरा किंचित पुसट दिसतो, पण हाताची हालचाल कळते. चेहराही स्पष्ट हवाच असेल, तर वर दूरचा आणि खाली स्टँडचा नंबर असलेली दुभागी काच करून घेता येते. तिची रेघ मात्र नेहमीपेक्षा वर घ्यावी लागते, हे दुकानदाराला सांगावे लागते.

ज्याला दूरचा उणे नंबर आहे, त्याच्या बाबतीत हिशेब उलट दिशेने लागतो. उणे दीड नंबराच्या वादकाने चष्मा काढला, तर सदुसष्ट सेंटिमीटरवरचे त्याला आपसूक स्पष्ट दिसते. त्याला स्टँडसाठी कदाचित चष्मा लागणारही नाही.

मधल्या अंतराची ही गरज नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉन आयझॅक हॉकिन्स या इंग्रज संशोधकाने दूर, मध्य आणि जवळ असे तीन भाग असलेली काच तयार केली. उभ्या आकाराचा पियानो बनवणाऱ्या पहिल्या काही कारागिरांत याच हॉकिन्सचे नाव घेतले जाते. वाद्य घडवणाऱ्या माणसाच्या हातून मधल्या अंतराचा चष्मा घडावा, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

असा चष्मा करून घेताना तीन गोष्टी पाळाव्यात. माप नेहमीच्या आसनावर, नेहमीच्या उंचीच्या बैठकीवर, दुसऱ्याच्या हातून घ्यावे आणि कागदावर लिहून तपासणीला न्यावे. दुकानदाराला 'वाचण्यासाठी' असे न सांगता 'पन्नास सेंटिमीटरसाठी' असे सांगावे, कारण जवळ पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि भिंगांचे मध्यबिंदू दूरच्या चष्म्यापेक्षा सुमारे तीन मिलिमीटर जवळ बसवावे लागतात. आणि चष्मा आल्यावर पहिले काही दिवस शरीराकडे लक्ष ठेवावे. काम स्पष्ट दिसण्यासाठी पुढे वाकावे लागत असेल, तर नंबर जास्त झाला आहे. मागे सरकावे लागत असेल किंवा तासाभरात डोळे जड होत असतील, तर कमी पडला आहे.

कोणत्याच अंतरावर स्पष्ट दिसत नसेल, दिव्याभोवती वलये दिसत असतील किंवा एका डोळ्याने सरळ शिवण वाकडी दिसत असेल, तर नंबर बदलत बसू नये. तो प्रश्न चष्म्याचा नसून मोतीबिंदू, काचबिंदू किंवा पडद्याच्या विकाराचा असू शकतो, आणि त्यासाठी नेत्रवैद्यच गाठावा. बाकी सर्व ठीक असेल, तर खुर्ची बदलली, यंत्राचे टेबल बदलले किंवा स्टँडची जागा बदलली की पुन्हा एकदा टेप लावावा. डोळे तेच असले, तरी अंतर बदललेले असते.