नवी की जुनी? बापूच्या गाडीचा वाद

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. गेल्या हिवाळ्यात पुण्यात बापूचं आणि माझं या विषयावर चांगलंच वाजलं. त्यातलं कामाचं तेवढं सांगतो, कारण ऊसबिल आलं की आपल्यातला कुणी ना कुणी गाडी बघायला पुण्याला जातोच.

बापू माझा शाळेपासूनचा दोस्त, गाव पाटसजवळ. वहिनींचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा, आणि नंबर लागला तो पुण्यातच. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर, म्हणजे महिन्याला हजार. आधी भाड्याची गाडी करायचा, पण ते परवडेना. हातात चार लाख होते.

बापूचं म्हणणं, गाडी घ्यायची तर नवीच. "डायलिसिस करून माणूस पार गळून जातं. रात्री आठला यवतच्या पुढं गाडी बंद पडली तर हिला घेऊन मी रस्त्यावर बसू काय? नव्या गाडीला वॉरंटी असती." वर 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाडीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेही त्यानं पाठ करून ठेवलेलं.

मी म्हणलं, जीएसटी कमी झाला तरी आपल्या राज्याचा रोड टॅक्स हाय की. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के. त्यात विमा धरला तर त्यानं बघितलेली गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेसहा लाखांना जात होती. आणि विमा कंपनीच्या तक्त्यातच बघ, पहिलं वर्ष सरता सरता किंमत 15 टक्के उतरते, पाचव्या वर्षी निम्म्यावर येते.

त्यावर बापू म्हणाला, "मी विकायला घेत नाही, वापरायला घेतोय." हे त्याचं बरोबर होतं. म्हणून किमतीचा मुद्दा सोडला आणि चहाच्या टपरीवर हप्त्याचा हिशेब मांडला.

नवी घेतली तर अडीच लाख भरायचे, दीड लाख दवाखान्यासाठी ठेवायचे आणि चार लाखांचं कर्ज. 9 टक्क्यांनी पाच वर्षं धरली तर हप्ता साधारण 8,300 रुपये. म्हणजे चार लाखांचे जवळपास पाच लाख फेडायचे. जुनी पावणेतीन लाखांपर्यंत मिळाली आणि टायर, बॅटरी, विमा, नावावर करणं याला चाळीस हजार ठेवले, तर हातात 85 हजार राहतात आणि हप्ता नाही. बापू लगेच म्हणाला, "म्हणजे नव्यात माझ्याकडं 65 हजार जास्त उरत्यात!" उरतात खरे, पण आठ हप्त्यांत ते संपतात. त्यानंतरची बावन्न महिने 8,300 कुठून आणायचे? हप्ता महिन्याला येतो, ऊसबिल वर्षाला. आणि घरात दवाखाना चालू.

बापू गप्प झाला, पण एक अट घातली. "जुनी बघू, पण ती रस्त्यात बंद पडणार नाही हे तू मला दाखवून द्यायचं." अट वाजवी होती.

पहिली गाडी बघितली ती एका डीलरकडं. पाच वर्षांची, चकचकीत, किंमत बाजारापेक्षा तीसेक हजारांनी कमी. बापूला एका नजरेत आवडली. दार उघडल्या उघडल्या अत्तराचा भपका आला. मी सगळ्या काचा लावून एसी चालू करायला सांगितला. दोन मिनिटांत अत्तराखालून ओल्या पोत्यासारखा वास यायला लागला.

मग पुढचा सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. गाडी धुणारे वरचा दिसणारा बेल्ट धुतात, आत गुंडाळलेला कुणी धूत नाही. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. सीटखालच्या रुळाचे बोल्ट गंजलेले. डिकीतली स्टेपनी उचलली तर खाली कोपऱ्यात वाळलेला, बारीक भेगा पडलेला गाळ. नदीकाठच्या उसात पूर येऊन गेल्यावर सरीत जी साय धरते, अगदी तीच. ती ओळखायला आपल्याला मेकॅनिक लागत नाही.

पुण्यात हे का बघायचं? 25 सप्टेंबर 2019 ला आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या वाहून एकावर एक चढल्या. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकता नगरीत गाड्या बुडाल्या. अशा गाड्या पुसून-वाळवून कुठंतरी विकल्या जाणारच. आमच्या समोरची गाडी कुठल्या पाण्यातली ते माहीत नाही, पण पाण्यातली होती एवढं नक्की.

बुडालेली गाडी लगेच बंद पडत नाही, हाच तिचा धोका. वायरिंगच्या जोडांत ओल शिरते, तिथं हिरवा गंज धरतो आणि सहा-आठ महिन्यांनी एकेक गोष्ट दगा देते. आज पॉवर विंडो, उद्या सेन्सर, परवा गाडी चालूच होत नाही. एअरबॅगचे काही जोड सीटखालीच असतात, ते खराब झाले तर कळतही नाही. म्हणजे बापूला ज्याची भीती, नेमकं तेच.

डीलर म्हणाला, "गाडीला कधी क्लेम नाही." मी विम्याची पॉलिसी मागितली. त्यावर नो क्लेम बोनस नावाचा रकाना असतो. क्लेम घेतला नाही तर तो 20, 25, 35, 45 असा चढत पाच वर्षांनी 50 टक्क्यांवर जातो. तिथं शून्य होतं. शून्य म्हणजे क्लेम झालेला असू शकतो, नाहीतर विम्यात बराच खंड पडलेला असू शकतो. दोन्हीचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं. आम्ही उठलो.

शेवटी कोथरूडला एका निवृत्त गृहस्थांची 2018 ची वॅगनआर बघितली. एकच मालक, 46 हजार किलोमीटर. बोनस 50 टक्के, बेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ. गाडीच्या नंबरवरून सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी काढल्या, दरवेळचं किलोमीटर चढत्या क्रमानं जुळलं. आरसीवर बँकेचा बोजा दिसत होता. कर्ज फिटलेलं, पण बोजा उतरवलेला नव्हता. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन तो उतरेपर्यंत बापूनं फक्त पाच हजार विसार दिला. मग फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, ई-चलन बाकी नाही ना ते बघितलं, आणि 2 लाख 70 हजारांना सौदा झाला. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. जुन्या मालकाचा बोनस मात्र त्याच्याकडंच राहतो, आपल्याला मिळत नाही. तेवढे पैसे आधीच धरून ठेवा.

आपल्या ओळखीच्या मेकॅनिकनं तपासून चारही टायर आणि बॅटरी बदलायला सांगितली. बापूनं ते त्याच आठवड्यात केलं. तरीही तो अजून म्हणतो, "पैसे असते तर नवीच घेतली असती." मी त्याला नाही म्हणत नाही. पैसे असते तर मीही तेच सांगितलं असतं.

तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी बघायला जाणार असेल तर आधी सीट बेल्ट ओढा, मग भाव विचारा.