मंजुरी कोणाच्या हाती?

सोमवार, १६ जून २०२५
शाळा सुरू झाल्या की पैठण गेटला आमच्या दुकानात मुलांचे मोबाइल येऊ लागतात. आज एक ताई आल्या. घरचा जुना फोन रिसेट केलेला, त्यात सहावीतल्या मुलीचं गुगल खातं टाकायचं होतं. मुलीने पासवर्ड बरोबर टाकला, तरी फोन पुढे जाईना. पुढच्या पडद्यावर पालकाचा पासवर्ड मागत होता. मूल तेरा वर्षांच्या आतलं असलं की खातं पालकाच्या देखरेखीखाली असतं आणि नव्या फोनवर ते उघडताना पालकालाही साइन-इन करावं लागतं.
"पासवर्ड यांनाच माहिती, अन् हे वाळूजला कंपनीत. फोन गेटवरच जमा करावा लागतो," ताई म्हणाल्या.
तिथे मी काय करणार? संध्याकाळी दोघांना मिळून यायला सांगितलं.

मंगळवार, १७ जून
पहिली पाळी सुटल्यावर भाऊ आले. त्यांच्या फोनमधल्या कुटुंब गटात ताई आधीपासून सदस्य होत्या, पण पालक म्हणून अधिकार एकट्या भाऊंकडे. हे बऱ्याच घरांत दिसतं: बाप सेटिंग करतो आणि मंजुरी लागते आईला. गटाचा व्यवस्थापक हा अधिकार दुसऱ्या प्रौढ सदस्याला देऊ शकतो. तेवढं केलं, मुलीचं खातं ताईंच्या पासवर्डने उघडलं. त्यांचंही खातं याच फोनवर हवं होतं, तेही जोडून दिलं. मुलीच्या खात्यात सगळ्या खरेदीला मंजुरी लागेल असं ठेवलं.

शुक्रवार, २० जून
ताई पुन्हा आल्या, रागातच. गेममधले हिरे घेतले गेले, ना विनंती आली ना यूपीआयचा पिन मागितला.
मी आधी पावतीचा मेल शोधला. तो मुलीच्या नव्हे, ताईंच्या इनबॉक्समध्ये होता. मग उलगडलं. पोरीने प्ले स्टोअरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवून आईच्या खात्यात उडी मारली होती. मंजुरीची अट मुलीच्या खात्याला आहे, फोनला नाही. पैसे गेले ताईंनी रिचार्ज कोडने भरलेल्या शिलकीतून; ते बँकेतून जात नाहीत, म्हणून पिनचा प्रश्नच येत नाही.
पोरगी हुशार आहे, एवढं मात्र मान्य करावं लागेल.
उपाय दोन सांगितले. ताईंचं खातं या फोनवरून काढायचं, किंवा ठेवायचंच असेल तर त्यांच्या खात्यात प्रत्येक खरेदीला ओळख पटवायची सेटिंग चालू करायची. ताईंना खातं हवंच होतं, म्हणून दुसरा उपाय केला. बोटाचा ठसा फोनमध्ये मुलीचाही नोंदलेला निघाला. तो काढला, आणि ओळख पासवर्डनेच पटेल असं केलं.
"पासवर्ड बदला," मी म्हटलं, "आणि तिच्यासमोर टाइप करू नका."