हप्ता कुठून जाणार?

मिरजोळ्यात राहून एमआयडीसीत नोकरी करणाऱ्याला चारचाकीची तशी नड नसते. कारखाना जवळ, बाजाराला रत्नागिरी जवळ, दुचाकीवर सगळं भागतं. आमची नड निघाली ती आईच्या आजारपणातून. तिला तपासणीसाठी वरचेवर कोल्हापूरला न्यावं लागायला लागलं. आंबा घाटातून एसटीचा प्रवास तिला झेपेना आणि दर खेपेला भाड्याची गाडी परवडेना. म्हणून २०२४च्या पावसाळ्यात आम्ही नवी गाडी घ्यायचं ठरवलं. विमा, रोड टॅक्स, नोंदणी असं सगळं धरून ती नऊ लाखांना पडत होती.

माझ्या पगारातून आणि घरच्या कलमांच्या आंब्यातून साठवलेले अकरा लाख बँकेत मुदत ठेवीत होते. म्हणजे गाडी रोखीने घेता येत होती. रोखीने म्हणजे नोटा मोजून नव्हे. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांनी घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे, त्यामुळे पैसे बँकेतूनच द्यायचे असतात. पण शोरूममधल्या मुलाने आम्हाला बसवलं आणि एका कागदावर हिशोब मांडला.

‘काका, तुम्ही दोन लाख भरा. सात लाखांचं कर्ज घ्या, ९ टक्के, पाच वर्षं. हप्ता १४,५३१. पाच वर्षांत व्याज जातं १ लाख ७२ हजार. तेच सात लाख ७ टक्क्यांनी ठेवीत राहू द्या. पाच वर्षांनी होतात ९ लाख ९० हजार, म्हणजे व्याज मिळालं २ लाख ९० हजार. गाडी वापरून वर १ लाख १८ हजार तुमच्या खिशात.’

दोन्ही आकड्यांखाली त्याने रेघा ओढल्या. आकडे खरे होते, एकही खोटा नव्हता. कागद पर्समध्ये ठेवत माझी बायको एवढंच म्हणाली, ‘अहो, पण हप्ता कुठून जाणार?’

हप्ता माझ्या पगारातून जाणार होता, आणि त्या कागदावर नेमकी तीच गोष्ट नव्हती. ठेवीतले सात लाख जागेवर राहणार होते, म्हणून त्यांच्यावर पाचही वर्षं भरल्या रकमेचं व्याज मिळणार होतं. कर्ज मात्र दर महिन्याला उतरत जाणार होतं, कारण आम्ही ते पगारातून फेडत राहणार होतो. मुद्दल उतरली की व्याजही उतरतं. ठेवीचं व्याज जास्त दिसत होतं ते एवढ्यामुळेच. न हलणारी रक्कम एका बाजूला आणि रोज आटणारी रक्कम दुसऱ्या बाजूला ठेवून व्याजाची बेरीज केली, तर ७ टक्केसुद्धा ९ टक्क्यांना भारी पडल्यासारखे दिसतात.

पहिल्याच महिन्याचं पाहिलं तरी हे कळतं. सात लाखांवर ९ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं ५,२५०. त्याच सात लाखांवर ७ टक्क्यांनी मिळतात साधारण ४,०८३. म्हणजे कर्ज आणि ठेव दोन्ही भरलेली असताना महिन्याला अकराशेच्या वर तोटा आहे. पुढे हा तोटा मिटतो असं वाटतं, कारण मधल्या काळात आपला पगार कर्जात जिरलेला असतो.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी हिशोब नव्याने मांडला. बरोबरी करायची तर दोन्हीकडे पगारातून तेवढेच पैसे निघाले पाहिजेत. कर्ज घेतलं तर १४,५३१ बँकेला जातात. रोखीने घेतली तर तो हप्ता वाचतो, मग तेवढेच पैसे दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाकायचे. व्याजदर तोच, ७ टक्के. पाच वर्षांनी या आवर्ती ठेवीचे होतात साधारण १० लाख ३९ हजार. कर्जाच्या वाटेने गेलो तर मुदत ठेवीत असतील ९ लाख ९० हजार. दोन्हीकडे गाडी आपली, दोन्हीकडे पगारातून गेलेली रक्कम सारखी, आणि रोखीची वाट ४९ हजारांनी सरस.

यात कर धरलेला नाही. ठेवीचं व्याज उत्पन्नात मिळवलं जातं, पण घरच्या वापरासाठी घेतलेल्या गाडीच्या कर्जाचं व्याज नोकरदाराला उत्पन्नातून वजा करता येत नाही. वीस टक्क्यांच्या टप्प्यात कर भरणाऱ्याच्या हातात ७ टक्क्यांतले साडेपाचच पडतात, आणि ४९ हजारांचा तो फरक ८० हजारांच्या आसपास जातो. प्रक्रिया शुल्क, कर्जाला जोडून दिलेला आयुर्विमा, आरसीवर चढलेला बँकेचा बोजा आणि कर्ज फिटल्यावर तो उतरवण्यासाठी बँकेचं ना हरकत पत्र नि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत मारावी लागणारी फेरी, हे सगळं वेगळंच.

शोरूममध्ये आणखी एक कागद पुढे आला होता, ‘फक्त ५ टक्के’ असा. तो फ्लॅट दर होता. त्यात पाचही वर्षं पूर्ण सात लाखांवर व्याज लावतात, मधे फेडलेल्या मुद्दलीची वजावट नाही. सात लाखांचे ५ टक्के म्हणजे वर्षाला ३५ हजार, पाच वर्षांचे १ लाख ७५ हजार आणि हप्ता १४,५८३. म्हणजे ९ टक्क्यांच्या कर्जापेक्षाही किंचित महाग. म्हणून दर विचारताना तो उतरत्या शिलकेवर आहे का, हे विचारावं. त्याहून सोपं म्हणजे हप्ता गुणिले महिने करून मुद्दल वजा करावी. जास्तीचे किती जातात ते लगेच दिसतं.

ऑफिसातल्या एकाचं म्हणणं होतं, की ठेवीत कशाला, कर्ज काढून सात लाख म्युच्युअल फंडात टाक, १२ टक्के मिळतात. मिळूही शकतात. पण कर्जाचे ९ टक्के ठरलेले आहेत आणि फंडाचे १२ कुणीही लिहून देत नाही. जानेवारी २०२०मध्ये बेचाळीस हजारांवर गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला सव्वीस हजारांच्या खाली बंद झाला होता. पुढे तो वर आला हे खरं, पण ज्याला नेमके त्याच महिन्यांत पैसे लागले त्याला त्याचा उपयोग झाला नाही. कर्ज ठेवून बाजारात पैसे घालणं म्हणजे उसन्या पैशावर जोखीम घेणं. आईच्या औषधोपचारासाठी ठेवलेल्या पैशावर ती घ्यायला आम्ही तयार नव्हतो.

आम्ही गाडी रोखीने घेतली. आधी किंमत आणि सूट लेखी ठरवली आणि पैसे कसे देणार ते मग सांगितलं, कारण कर्ज आपल्यामार्फत झालं तर विक्रेत्यालाही त्यात मोबदला मिळतो आणि त्यावरून सूट बदलते. ठेवींपैकी एकीची मुदत थोड्याच महिन्यांत संपणार होती. ती मोडली असती तर व्याजाचा दर कापला गेला असता. म्हणून ती तशीच ठेवून तिच्यावर कर्ज घेतलं. ठेवीवरच्या कर्जाचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त असतो आणि गाडीवर बोजा चढत नाही. मुदत संपल्यावर ते कर्ज ठेवीतूनच वळतं करून घेतलं. गाडी घेतली त्याच महिन्यात साडेचौदा हजारांची आवर्ती ठेव सुरू केली. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी पैसे आपोआप वळते व्हावेत, अशी सूचना बँकेला देऊन ठेवली. हे केलं नसतं तर वाचलेला हप्ता घरखर्चात कधीच विरघळला असता आणि वरचा सगळा हिशोब कागदावरच राहिला असता.

हाताशी दोन लाख राहिले. एवढ्यात आमच्या घराचे चार-पाच महिने निघतात. त्याहून कमी उरणार असते तर मी थोडं कर्ज घेतलं असतं. गाडी दारात उभी आणि दवाखान्यात भरायला पैसे नाहीत, अशी वेळ आली तर माणूस सोळा-अठरा टक्क्यांनीही कर्ज काढतो, आणि तिथे ९ टक्क्यांतून वाचवलेलं सगळं जातं.

२०२५मध्ये याचा प्रत्यय आला. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस लागला, २५ मेला तर मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोचलासुद्धा. आमचा शेवटचा आंबा झाडावरच राहिला आणि त्याच सुमारास आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. दोन लाखांतले बरेच तेव्हा खर्च झाले. मधे आवर्ती ठेवीचे हप्ते चुकले, त्याला बँकेने किरकोळ दंड लावला, बाकी काही बिघडलं नाही. कर्जाचा हप्ता चुकला असता तर दंडाबरोबर सिबिलच्या नोंदीतही तो लागला असता.

आम्ही गाडी घेतली त्याच सुमारास आमच्या शेजारच्या काकांनी मात्र कर्जाने गाडी घेतली, आणि मी त्यांना तोच सल्ला दिला होता. त्यांना पगार नाही, उत्पन्न फक्त बागेचं. पैसा येतो तो एप्रिल-मेमध्ये, आणि पुढच्या हंगामाची खतं, मोहोराच्या फवारण्या, राखण, गडी यांचा खर्च वर्षभर चालू असतो. गाडीसाठी ते पैसे मोकळे केले असते, तर हिवाळ्यात फवारणीला वाशीच्या दलालाकडून उचल घ्यावी लागली असती. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर पाठवावा लागतो, आणि भाव पडला तरी पेटी दुसरीकडे वळवता येत नाही. त्यात जाणारे पैसे गाडीच्या व्याजापेक्षा जास्त. काकांनी हंगामाच्या पैशातून एका वर्षाचे हप्ते वेगळ्या बचत खात्यात काढून ठेवले, तिथूनच ते वळते होतात. त्यांच्या पैशाला बागेत काम आहे. माझे पैसे नुसते ठेवीत पडून होते. फरक एवढाच.

तेव्हा गाडी घ्यायला जाल तर तीन गोष्टी घरीच ठरवून जा. कर्जाचा उतरत्या शिलकेवरचा दर आणि कर वजा जाता तुमच्या ठेवीचा दर, यांत जो जास्त त्याचंच ऐका. रोख दिल्यावर निदान चार महिन्यांचा घरखर्च हातात उरतो का ते बघा. आणि वाचलेला हप्ता पहिल्याच महिन्यापासून दुसऱ्या खात्यात जाईल अशी सोय करता येत असेल, तरच रोखीने गाडी घ्या.