चुकलेलं ताट आणि दोन केओट्या

संगमनेर, शुक्रवार

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जीव कळवळला. गुरुवारची पालखी आटोपली की शिर्डीत कसा लोंढा येतो, ते मला ठाऊक आहे. मालक चारचौघांत बोलला हे वाईटच झालं. पण ‘वेटरची चूक होती’ एवढं लिहून तू मोकळा झालास, ते मला पटलं नाही. पासवरून जाणारं प्रत्येक ताट तुझ्या डोळ्यांखालून जातं ना?

तूच लिहिलंस ते नीट बघ. सात नंबरची केओटी जैन पनीर मसाल्याची, सतराची साध्याची. दोन्ही कढया एकाच वेळी उतरल्या, रस्सा दोन्हींचा लाल. आचाऱ्यानं ‘पनीर झालं’ म्हणून हाळी दिली आणि तू ताटं न बघता दोन्ही केओट्यांवर टिक मारून त्या खिळ्यात खोचल्यास. वेटरनं ताटं उलटी नेली. सातवर गुजरातेतून आलेलं कुटुंब, पहिल्या घासालाच त्यांना कांदा लागला. सतराची मंडळी जैन पनीर मुकाट्यानं संपवून मोकळी झाली, म्हणजे तेही परत आणता येईना. एक ताट चुकलं की पुष्कळदा दुसऱ्या टेबलाचंही चुकलेलं असतं, आणि त्याची केओटी खिळ्यात गेल्यामुळे पेंडिंगमध्ये ते दिसतच नाही. म्हणून आधी विचारायचं, हे ताट होतं कुणाचं?

आमचे वस्ताद फार कडक होते. ताट वेटरच्या हातात जाईपर्यंत केओटीला पेन लावू देत नसत. टेबल नंबर, पदार्थ, आणि खाली बारीक लिहिलेलं ‘जैन’ हे सगळं मोठ्यानं वाचायला लावायचे. जैन ताटाच्या कडेला टोमॅटोची चकती ठेवून ते वेगळं ओळखायचं, हेही त्यांनीच शिकवलं. आज छापील केओटी आली म्हणून हे सोडायचं का?

आणि सर्वांत जास्त राग आला तो याचा, की सातची नवी केओटी तू रांगेच्या शेवटी लावलीस! त्या माणसांची वेळ पहिल्या ऑर्डरपासून धरायची. केओटी सर्वांत वर, आचाऱ्याला तोंडानं सांगायचं, आणि कढई धुतलेली घ्यायला लावायची. वाटणातला कांदा वेचून काढता येत नाही, नवीनच करावं लागतं. रोट्या मात्र भाजी उतरताना टाकायला सांगायच्या, नाहीतर त्या वातड होतात. सतराच्या मंडळींनाही खरं सांगायला हवं होतं.

रागावलो म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तुझी आई म्हणते, गुरुवारी तू दुपारपासून उपाशी उभा असतोस. पोटात काही नसताना बारीक अक्षरं डोळ्यांना दिसतील कशी? रात्री एकला खोलीवर जातोस, झोप होते का? पुढच्या गुरुवारी गर्दीआधी जेवून घे, आणि जेवलास का ते मला फोन करून सांग.

तुझा,
मामा