नवरात्रातली नाडी

पहाटे पाचला उठलो की आधी मोरीत जाऊन येतो आणि मग पलंगाच्या काठावर बसून छातीचा पट्टा बांधतो. पट्ट्याच्या आतल्या दोन काळ्या पट्ट्या पाण्याने ओल्या करून घ्याव्या लागतात, नाहीतर पहिली दोन मिनिटं नुसता गोंधळ उमटतो. थंडीत तो ओला स्पर्श अंगावर काटा आणतो, आणि बायको पांघरुणातूनच विचारते, "काय म्हणतंय तुमचं यंत्र?" एक मिनिट स्वस्थ बसायचं, मग दोन मिनिटं मोजायचं. चहा त्यानंतर.

मी झोपून मोजत नाही, बसून मोजतो. बरीच वर्षं धावल्यामुळे झोपलेलं असताना माझी नाडी ४८ पर्यंत उतरते. इतक्या संथ नाडीत ठोक्यांमधली चढउतार कधीकधी उगाचच आवळल्यासारखी दिसते. उठून बसलं की शरीराला थोडं काम पडतं आणि आकडा बोलका होतो. कुठल्या स्थितीत मोजता याला फारसं महत्त्व नाही; रोज तीच स्थिती हवी, याला आहे.

ही चढउतार काय असते ते माझ्या पळण्याच्या गटात नव्याने येणाऱ्यांना मी यंत्राशिवायच दाखवतो. वडोदऱ्याच्या कमाटीबागेत, पळायला सुरुवात करण्याआधी, बाकावर बसवतो. दोन बोटं मनगटावर ठेवायची, सावकाश श्वास घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. पहिल्यांदा हे बोटाला कळतं तेव्हा माणूस दचकतोच, आपलं हृदय घड्याळासारखं चालत नाही म्हणून. चालू नयेच ते तसं. मेंदूतून हृदयाकडे येणारी व्हेगस नावाची नस विश्रांतीत लगाम ओढत-सोडत असते, त्याचा हा खेळ. शरीर ताणात असलं की ती लगामावरचा हात काढून घेते, आणि ठोके जलद आणि सारखे पडू लागतात.

फोनवर जो एचआरव्हीचा आकडा दिसतो तो बहुधा याच खेळाचं माप असतो. समजा ठोक्यांमधली सहा अंतरं मिलिसेकंदांत १०१०, १०६२, १०३५, १०९०, १०४८ आणि १००५ अशी आली. शेजारशेजारचे फरक काढले की ५२, २७, ५५, ४२ आणि ४३ येतात. त्यांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं: ४५. नाडी इथे ५८ आहे. ५८ नाडी असलेल्या दुसऱ्या माणसाचा आकडा २० किंवा ९० असू शकतो, आणि तोही ठणठणीत असू शकतो. म्हणून दुसऱ्याचा आकडा विचारायला मी गटात बंदीच घातली आहे. तरी पोरं विचारतातच, "काका, आजे केटला आव्या?"

सुरुवातीची दोन वर्षं मी स्वतः या आकड्याचा गुलाम होतो. सकाळी तांबडा रंग दिसला की कठीण सराव रद्द, हिरवा दिसला की पळायला मोकळा. मग वहीत सगळं उतरवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की काहीही न घडता माझा आकडा एका दिवसात ३८ वरून ६० वर जातो आणि परत येतो. रोजच्या आकड्यावर निर्णय घेणं म्हणजे नाणं उडवण्यासारखंच होतं. तेव्हापासून मी सात दिवसांची सरासरी पाहतो आणि ती गेल्या सहा आठवड्यांच्या पट्ट्यात बसते का ते बघतो. हा पट्टा काढणं सोपं आहे: सहा आठवड्यांची सरासरी घ्यायची, रोजचे आकडे तिच्यापासून साधारण किती लांब जातात ते प्रमाण विचलन काढायचं, आणि त्याच्या अर्ध्याइतकं वर-खाली जायचं. सहाच आठवडे का, तर वडोदऱ्याचा मे महिना. एकेचाळीस-बेचाळीस अंशांत दमलेला नसतानाही माझी सकाळची नाडी तीन-चार ठोक्यांनी वर असते. डिसेंबरचा पट्टा तेव्हा लावला तर महिनाभर घरी बसावं लागेल.

आकडा पाहून पळवण्याचं हे खूळ माझ्या डोक्यातलं नाही. फिनलंडच्या अँटी किविनिएमी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पुरुषांच्या एका गटाला ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पळवलं, आणि दुसऱ्याला सकाळच्या एचआरव्हीप्रमाणे: आकडा नेहमीच्या जागी असला तर जोरात, घसरला तर हलकं. दुसऱ्या गटाचा कमाल वेग जास्त सुधारला. अभ्यास चारच आठवड्यांचा होता, आणि फिनलंडात त्या चार आठवड्यांत कुणी गरबा खेळलं नसणार.

आमच्याकडे खेळतात. ऐन हिवाळी शर्यतींची तयारी तापत असताना नऊ रात्री हे शहर झोपत नाही. वडोदऱ्याचा गरबा म्हणजे हजारो माणसांचा एकच गोल, तो तासन्‌तास फिरत राहतो. मध्यरात्री मैदान सुटलं तरी गाडी काढून, काहीतरी खाऊन घरी पोचेपर्यंत दीड-दोन वाजतात.

२०२४ च्या नवरात्रातली गोष्ट. दांडिया बाजारातल्या एक वहिनी माझ्याकडे अर्धमॅरेथॉनची तयारी करत होत्या. वय बेचाळीस, नोकरी बँकेत, आणि गरबा एकही रात्र न चुकवणाऱ्या. त्यांची एचआरव्हीची सरासरी ४७, पट्टा ४३ ते ५१, नाडी ५६. घटस्थापना गुरुवारी होती, आणि पुढच्या बुधवारी त्यांना आठशे मीटरचे सहा जोरकस फेरे मारायचे होते. घटस्थापनेच्या सकाळपासूनचे आकडे असे आले: ४६, ४४, ४३, ४०, ३६, ३३. नाडी ५६ वरून ६१ वर. दोन्ही एकाच दिशेने सांगत होते, म्हणून मी मंगळवारी रात्री कळवलं की उद्या जोरात पळायचं नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यातही नाडी दोनेक ठोक्यांनी चढते आणि एचआरव्ही उतरतो, म्हणून तारीखही विचारून घेतली होती. ते कारण नव्हतं.

बुधवारी साडेपाचला बागेच्या फाटकाशी त्या फोन नाचवत आल्या. "भाऊ, बघा! बावन्न! सगळं हिरवं!"

सहा रात्री जागून, आदल्या दिवशी ३३ असलेला माणूस एका रात्रीत ५२ वर जातो? त्यातून नाडी अजून ५९ होती. नाडी चढलेली आणि एचआरव्हीही चढलेला, ही जोडी दिसली की मी आधी मोजणीवर संशय घेतो. आम्ही बाकावर बसलो आणि त्या दोन मिनिटांतली एकेका ठोक्याची यादी उघडली. बहुतेक अंतरं १०१५ च्या आसपास, आणि मधेच एका ठिकाणी ८४०, त्याला लागून ११९०, मग पुन्हा १०१५. एक ठोका वेळेआधी पडला होता आणि त्यानंतरची विश्रांती लांबली होती. कधीमधी सगळ्यांनाच असा ठोका पडतो, झोप कमी आणि चहा जास्त झाला की थोडा अधिक. वारंवार पडू लागला किंवा छातीत धडधड, चक्कर जाणवली तर मात्र तो माझा प्रांत नाही, डॉक्टरांचा. पण या हिशेबात फरकांचे वर्ग होतात ना! १७५, ३५०, १७५ या तीन फरकांनी ११७ फरकांची सगळी बेरीज फुगवली. फोनने ते गाळले नव्हते. वहीवर मी ते तीन काढून टाकले तेव्हा ५२ चे ३४ झाले. सात दिवसांची सरासरी ४२ ऐवजी ३९ च्या जवळ आली.

वहिनींचा चेहरा उतरला. चाळीस मिनिटं गप्पा मारत पळालो आणि फेरे पुढे ढकलले. ढकलले म्हणजे ढकलले. रद्द केले की आठवडाभर तो माणूस चोरून कुठेतरी पळून येतो.

दसरा शनिवारी झाला. त्यानंतर झोप मिळाली तशी नाडी खाली आली: सोमवारी ५७, मंगळवारी आणि बुधवारी ५६. एचआरव्ही ४३, ४६, ४८. पण सात दिवसांच्या सरासरीत नवरात्राच्या शेवटच्या रात्री अजून बसलेल्याच होत्या, ती ३९-४० वरच रेंगाळत होती. सरासरीचा हा दोष आहे, ती उशिरा पडते आणि उशिरा सावरते. वहीप्रमाणे थांबायला हवं होतं. मी मात्र म्हटलं, तीन सकाळी सलग आकडे जागेवर आहेत, नाडी जागेवर आहे, आणि आज संध्याकाळी शरद पूनमचा गरबा आहे, म्हणजे उद्यापासून पुन्हा घोळ. पळून घेऊ.

आणि त्या निर्णयातला आकड्यांचा भाग चुकला नव्हता, असं मला आजही वाटतं. पहिले तीन फेरे सुंदर गेले. श्वास मोकळा, तिन्ही वेळा एकसारख्या, बोलणं सहज. चौथ्या फेऱ्यात वळणावर त्या एकदम थांबल्या, वाकल्या आणि डावी पोटरी धरली.

नऊ रात्री रोज तीन-चार तास चवड्यांवर गिरक्या घेतल्या की पोटऱ्यांचं काय होतं, हे वडोदऱ्यात वाढलेल्या माणसाला सांगायला लागू नये. आकडे हृदयाचा आणि मज्जासंस्थेचा हिशेब देत होते. पोटरीच्या स्नायूतला ताण त्या हिशेबात कुठे येतच नाही, हृदयाला त्याची खबर नसते. पळण्याआधी बागेच्या पायरीवर मी त्यांना एका पायावर उभं करून वीस वेळा टाच उचलायला लावली असती, तर डावीकडे बाराव्या-तेराव्या वेळी अडल्या असत्या, आणि सगळं कळलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण ठोक्यांच्या यादीत एक चोर पकडल्याच्या आनंदात मी पाय विचारलेच नाहीत.

त्या रात्री कोजागरीचं दूध प्यायला सोसायटीच्या गच्चीवर जमलो तेव्हा वहिनी खुर्चीवर पाय लांब करून बसल्या होत्या, पोटरीला बर्फाची पिशवी बांधलेली. खाली चौकात गोल फिरत होता. त्या खाली वाकून बघत होत्या, माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत, आणि साडेनऊलाच झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वापाचला निरोप आला. नाडी ५४, एचआरव्ही ५५. ठोक्यांची यादीही पाठवली होती, संशय नको म्हणून. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली. एकही ठोका चुकलेला नव्हता. खाली लिहिलं होतं, "भाऊ, नवरात्रापासूनचा सगळ्यात चांगला आकडा. जिना उतरता येत नाहीये."