आधी आकार बघा, मग चित्र!

अहो, रस्त्यावरच्या पाट्या घोकायच्याच नसतात! लर्निंग लायसन्सच्या परीक्षेसाठी मी कार्डं केली, पुढे चिन्ह आणि मागे उत्तर. सगळी टेबलावर पसरली आणि थक्कच झाले. चित्राकडे बघायच्या आत निम्मं उत्तर आकारच देऊन टाकतो! गोल म्हणजे हुकूम, पाळायलाच हवा. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे पुढे काहीतरी आहे, जपून. निळा चौकोन म्हणजे नुसती माहिती: दवाखाना, पेट्रोल पंप. 'थांबा' तेवढं अष्टकोनी आणि 'रस्ता द्या' हा टोक खाली केलेला त्रिकोण. किती छान युक्ती! पाटी चिखलाने माखली किंवा मागून दिसली, तरी नुसत्या कडेवरून ही दोन्ही ओळखू येतात.

गोलातही रंग बोलतो. निळ्या गोलात पांढरा कर्णा असेल तर हॉर्न वाजवायलाच हवा. लाल काठात तोच कर्णा खोडलेला असेल तर वाजवायचा नाही. म्हणून कार्डं रंगीतच छापा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये अर्धी माहिती उडून जाते.

पण माझी सगळ्यात लाडकी जोडी वेगळीच आहे. दोन्ही गोल, दोन्ही आतून निळे, दोन्हींना लाल काठ. एकावर एकच तिरपी लाल रेघ, दुसऱ्यावर फुली. एक रेघ म्हणजे नो पार्किंग, फुली म्हणजे थांबायलाही मनाई. कार्डामागे नुसती नावं लिहिली की ही दोन हमखास एकमेकांत मिसळतात. मी मागे प्रसंग लिहिला: 'आजींना दवाखान्याच्या दारात उतरवायचंय.' एक रेघ असेल तर आजींना उतरवा आणि लगेच निघा. फुली असेल तर तेवढंही नाही, पुढे जाऊन जागा शोधा. बस्स, गोंधळ संपला!

नियमांच्या कार्डांमागे मी कारणही लिहिते. अरुंद घाटात समोरासमोर गाड्या आल्या, तर वाट कोणाला? चढणाऱ्याला, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड. एकदा कारण कळलं की उत्तर विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही. सिग्नलही नाही आणि पोलीसही नाही अशा चौकात मात्र उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे सरळ पाठच करा.

कार्डं दर वेळी पिसून घ्या, नाहीतर चिन्हाऐवजी क्रमच पाठ होतो. अडलेली कार्डं वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यापासूनच सुरुवात करा. पास व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात, पण तेवढ्यावर थांबू नका. चुकलेल्या ४० टक्क्यांतली पाटीही रस्त्यावर भेटणारच आहे. आजच बसा, आणि पहिली जोडी एक रेघ आणि फुलीचीच करा!